साठ चालींचा अभेद्य गट

कागदाच्या पाच चिठ्ठ्या करा, त्यांच्यावर क, ख, ग, घ, च ही अक्षरे लिहा आणि त्या टेबलावर एका रांगेत मांडा. आता एक नियम ठरवा: क जिथे असेल तिथे ख ठेवायचे, ख जिथे असेल तिथे ग आणि ग जिथे असेल तिथे क. घ आणि च यांना हात लावायचा नाही. अशा प्रत्येक नियमाला आपण ‘चाल’ म्हणू. ही चाल थोडक्यात क→ग→... असे न करता पूर्ण फेरा दाखवून क→ख→ग→क अशी लिहू. पाच अक्षरांच्या अशा एकूण १२० चाली होतात, कारण क चे काय करायचे याला पाच पर्याय, मग ख ला चार, ग ला तीन, घ ला दोन आणि च ला उरलेला एक.

या १२० चालींपैकी बरोबर निम्म्या, म्हणजे ६० चाली घेतल्या की जो गट तयार होतो, त्याला गणितात पाच अक्षरांचा आल्टरनेटिंग ग्रुप म्हणतात आणि A₅ असे लिहितात. हा गट ‘साधा’ आहे, असे गणिती सांगतात. इथे साधा म्हणजे सोपा नव्हे. १३ ही मूळ संख्या जशी लहान संख्यांच्या गुणाकारात फोडता येत नाही, तसा हा गट लहान गटांमध्ये फोडता येत नाही. तो का फुटत नाही, हे कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात पाहता येते, आणि तेच या लेखात करायचे आहे.

निम्म्या चाली कोणत्या?

कागदावर क ख ग घ च ही ओळ वर एकदा आणि खाली एकदा लिहा. वरच्या प्रत्येक अक्षरापासून, त्याच्या जागी जे येते त्या खालच्या अक्षरापर्यंत रेघ ओढा. एकाच बिंदूत तीन रेघा भेटणार नाहीत इतकी काळजी घ्या आणि रेघा एकमेकींना किती ठिकाणी छेदतात ते मोजा. छेद सम संख्येत आले तर चाल सम, नाहीतर विषम. क→ख→ग→क या चालीत ग पासून क कडे येणारी रेघ दोन रेघांना छेदते, म्हणून ही चाल सम. फक्त क आणि ख यांची अदलाबदल केली तर एकच छेद येतो, म्हणून ती विषम. कुठल्याही दोन अक्षरांची एक अदलाबदल नेहमी विषमच असते आणि दोन अदलाबदली मिळून सम चाल होते.

सम चालीनंतर सम चाल केली तर निष्पन्न होणारी चालही समच असते. सम चाल उलटी केली तरी ती समच राहते. ‘काहीच करू नका’ ही चालही सम, कारण तिच्यात एकही छेद नाही. ज्या संग्रहात या तिन्ही गोष्टी सांभाळल्या जातात त्याला गट म्हणतात. म्हणून ६० सम चालींचा गट होतो. विषम चालींचा होत नाही, कारण दोन विषम चाली लागोपाठ केल्या की सम चाल हाती येते.

या साठ चाली चारच प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार म्हणजे काहीच न करणे, ही एक चाल. दुसरा, तीन अक्षरांचा फेरा: पाचांतून तीन अक्षरे १० प्रकारे निवडता येतात आणि प्रत्येक तिकडी दोन दिशांनी फिरते, म्हणून २० चाली. तिसरा, दोन जोड्यांची अदलाबदल, जसे क↔ख आणि ग↔घ: बाहेर राहणारे अक्षर पाचांपैकी कोणतेही आणि उरलेल्या चारांच्या जोड्या तीन प्रकारे लागतात, म्हणून १५ चाली. चौथा, पाचही अक्षरांचा एकच फेरा: क पासून सुरुवात केली तर पुढची चार अक्षरे २४ क्रमांनी येऊ शकतात, म्हणून २४ चाली. बेरीज १ + २० + १५ + २४, म्हणजे ६०. हिशेब पुरा झाला.

गट फोडायचा म्हणजे काय करायचे?

मोठ्या गटाच्या पोटात लहान गट असतातच. क→ख→ग→क ही चाल, तिची उलटी चाल आणि काहीच न करणे, अशा तीन चालींचा एक छोटा गट A₅ मध्ये आहे. पण एवढ्याने मोठा गट फुटत नाही. फोडण्यासाठी छोट्या गटात आणखी एक गुण लागतो: अक्षरांची नावे बदलली तरी तो जसाच्या तसा राहिला पाहिजे.

नावे बदलणे म्हणजे काय ते पाहू. समजा टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाने आपल्या चिठ्ठ्यांना वेगळी नावे दिली आहेत. आपण ज्याला क म्हणतो त्याला तो घ म्हणतो, आपला ख त्याचा च, आपला ग त्याचा क, आपला घ त्याचा ख आणि आपला च त्याचा ग. आपण क→ख→ग→क ही चाल खेळलो की त्याच्या वहीत तीच चाल घ→च→क→घ अशी नोंदली जाते. फेरा तीन अक्षरांचाच राहिला, अक्षरे मात्र बदलली. हे नामांतरही एक चालच आहे, आणि A₅ च्या आत राहायचे तर नामांतरे फक्त सम चालींनीच करायची.

ज्या छोट्या गटाची यादी अशा कोणत्याही सम नामांतरानंतर तीच राहते, त्याला प्रसामान्य उपगट म्हणतात. असा उपगट सापडला तर मोठ्या गटाचे दोन भाग पडतात: एक तो उपगट आणि दुसरा त्याला शून्य मानून उरणारा लहान गट. संख्येला भागाकार जसा, तसा गटाला प्रसामान्य उपगट. ज्या गटात ‘काहीच न करणे’ आणि ‘सगळा गट’ या दोघांखेरीज प्रसामान्य उपगटच नाही, तो साधा गट. आपला तीन चालींचा छोटा गट या कसोटीला उतरत नाही, कारण नामांतर केल्याबरोबर त्याच्या यादीत घ→च→क→घ ही नवीच चाल आली.

कुटुंबे मोजू

इथे युक्तिवादाचा गाभा येतो. सम नामांतराने एकमेकींत बदलणाऱ्या चालींना एका कुटुंबातल्या म्हणू. प्रसामान्य उपगटात कुटुंबातली एक चाल आली की अख्खे कुटुंब आले, कारण नामांतराने यादी बदलता कामा नये. म्हणून A₅ मध्ये कुटुंबे कोणती आणि प्रत्येकात किती चाली, एवढे ठरवले की काम बरेच सोपे होते.

तीन अक्षरांच्या वीस चालींचे एकच कुटुंब आहे का? क→ख→ग→क पासून तिच्या उलट्या चालीपर्यंत, म्हणजे क→ग→ख→क पर्यंत, जायचे आहे. ख आणि ग यांची नावे अदलाबदल केली की काम होते, पण ही एकच अदलाबदल असल्याने नामांतर विषम झाले आणि ते चालणार नाही. मात्र घ आणि च रिकामे बसले आहेत. सोबत त्यांच्याही नावांची अदलाबदल करा. त्या दोघांना चालीत कामच नसल्याने चालीवर परिणाम होत नाही आणि नामांतर मात्र सम होते. हीच युक्ती कोणत्याही दोन तिकड्यांना चालते. म्हणून वीसही चाली एकाच कुटुंबातल्या.

दोन जोड्यांच्या पंधरा चालींतही तसेच घडते. तिथे क↔ख, ग↔घ या चालीत क आणि ख यांची नावे आपसात बदलली तर चाल तीच राहते. म्हणून नामांतर विषम निघालेच, तर ही एक अदलाबदल जोडून ते सम करून घेता येते. पंधरांचेही एकच कुटुंब.

पाच अक्षरांच्या फेऱ्यात मात्र ही सोय संपते. तिथे रिकामे बसलेले अक्षर नाही आणि सुटी जोडीही नाही. क→ख→ग→घ→च→क हा फेरा जसाच्या तसा ठेवणारी नामांतरे पाचच आहेत: सगळी नावे फेऱ्यातून शून्य, एक, दोन, तीन किंवा चार घरे पुढे सरकवायची. ही पाचही सम आहेत, त्यामुळे विषम नामांतर दुरुस्त करायला हाताशी काहीच उरत नाही. साठ सम नामांतरांपैकी दर पाच नामांतरे एकच फेरा देतात, म्हणून एका फेऱ्यापासून ६० भागिले ५, म्हणजे १२ फेऱ्यांपर्यंतच पोहोचता येते. २४ चालींची १२-१२ची दोन कुटुंबे पडतात.

कोण कुठल्या कुटुंबात, हेही पाहून ठेवू. उलटा फेरा मूळ फेऱ्याच्याच कुटुंबात येतो, कारण ख-च आणि ग-घ अशा दोन जोड्यांची नावे बदलली की फेरा उलटतो आणि हे नामांतर सम आहे. पण मूळ चाल दोनदा केली तर क→ग→च→ख→घ→क हा फेरा मिळतो. तिथपर्यंत नेणारे नामांतर क ला जागेवर ठेवून ख→ग→च→घ→ख असे चार अक्षरांना फिरवते. चार अक्षरांचा फेरा तीन अदलाबदलींचा असतो, म्हणून तो विषम. ही चाल दुसऱ्या कुटुंबात गेली.

इथे घाईत एक चूक होते. ‘पाच अक्षरांचे सगळे फेरे दिसायला सारखे, म्हणजे २४ चालींचे एकच कुटुंब’ असे धरून माणूस पुढे जातो. उत्तर बरोबरच येते, पण सिद्धता अपुरी राहते, कारण काही शक्यता तपासल्याच जात नाहीत. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. कुटुंबातल्या प्रत्येक चालीपर्यंत सारख्याच संख्येने नामांतरे पोहोचतात, म्हणून कुटुंबाच्या आकाराने ६० ला नेमका भाग गेलाच पाहिजे. १, १२, १५, २० यांनी जातो. २४ ने जात नाही.

शेवटचा हिशेब

आता फक्त एक जुनी गोष्ट हवी. छोट्या गटातल्या चालींच्या संख्येने मोठ्या गटातल्या चालींच्या संख्येला नेहमी पूर्ण भाग जातो. हे लाग्रांज यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रमेय आहे आणि त्याचे कारण ढीग लावण्यासारखे आहे. छोटा गट हा पहिला ढीग. बाहेरची एक चाल घेऊन ती छोट्या गटातल्या प्रत्येक चालीला जोडली की तेवढ्याच उंचीचा, पूर्णपणे नवा ढीग तयार होतो. सगळ्या चाली संपेपर्यंत असेच करत गेलो की साठही चाली सारख्या उंचीच्या ढिगांत वाटल्या जातात.

म्हणजे A₅ च्या प्रसामान्य उपगटावर दोन बंधने आली. त्याच्यात ‘काहीच न करणे’ ही एक चाल असणारच आणि त्यापुढे १२, १२, १५, २० यांतली काही कुटुंबे अख्खी असणार. शिवाय त्याच्या एकूण संख्येने ६० ला भाग गेला पाहिजे. सगळ्या बेरजा लिहून काढू.

फक्त बाराची कुटुंबे घेतली तर १३ किंवा २५. पंधराचे घेतले तर १६, त्यात बारा मिळवून २८, आणखी बारा मिळवून ४०. विसाचे घेतले तर २१, त्यात बारा मिळवून ३३, आणखी बारा मिळवून ४५. पंधरा आणि वीस दोन्ही घेतली तर ३६, त्यात बारा मिळवून ४८, आणि सगळी घेतली तर ६०. काहीच घेतले नाही तर १.

या बारा संख्यांपैकी ६० ला भाग कोणाकोणाने जातो? फक्त १ ने आणि ६० ने. मधली एकही संख्या बसत नाही. म्हणून मधला प्रसामान्य उपगट असूच शकत नाही आणि A₅ साधा आहे. सिद्धता इथे पूर्ण झाली.

पाचवे अक्षर काय बिघडवते?

बेरीज जमत नाही हे पटते, पण गट आतून कसा वागतो हेही डोळ्यांनी पाहावे. त्यासाठी आधी चारच अक्षरे घेऊ. तिथे सम चाली १२ आहेत. त्यांत दोन जोड्यांच्या चाली तीनच: क↔ख, ग↔घ, क↔ग, ख↔घ, आणि क↔घ, ख↔ग. पहिली करून मग दुसरी करा. क चा आधी ख होतो, मग ख चा घ, म्हणजे क चा घ झाला. घ चा ग आणि मग क. ख चा क आणि मग ग. ग चा घ आणि मग ख. हाती आली ती तिसरी चाल. या तिघी आणि ‘काहीच न करणे’ अशा चौघींचा गट स्वतःतच बंद राहतो, आणि कोणतेही नामांतर केले तरी याच तिघी आपसात फिरतात. १ + ३ म्हणजे ४, आणि ४ ने १२ ला भाग जातो. चार अक्षरांचा गट इथे फुटतो. अर्थात संख्येने भाग जातो एवढ्यावर उपगट आहेच असे म्हणता येत नाही. आपण तो करून पाहिला, म्हणून म्हणता येते.

आता च आणा. क↔ख, ग↔घ ही चाल आधी करा आणि तिच्याच कुटुंबातली क↔ख, ग↔च ही नंतर. क चा ख आणि पुन्हा क, म्हणजे क आणि ख जागच्या जागी. ग चा घ झाला आणि तो तसाच राहिला. घ चा ग आणि मग च. च आधी तसाच राहिला, मग त्याचा ग झाला. निष्पन्न चाल ग→घ→च→ग, म्हणजे तीन अक्षरांचा फेरा! जोड्यांचे कुटुंब आपल्या घरात राहायला तयार नाही. एक फेरा आत आला की त्याची वीसही भावंडे आली, संख्या किमान ३६ झाली, आणि ३६ ने किंवा ४८ ने ६० ला भाग जात नाही म्हणून थेट ६० गाठावे लागते. चार अक्षरांत दोन जोड्या सगळी अक्षरे व्यापतात. पाचांत एक अक्षर बाहेर राहते, प्रत्येक चालीत ते वेगळे असू शकते, आणि तिथेच बंदिस्तपणा मोडतो.

फुटबॉलमध्ये हाच गट

काळ्या पंचकोनांचा आणि पांढऱ्या षट्कोनांचा जुना फुटबॉल आठवा. त्यावर १२ पंचकोन आणि २० षट्कोन असतात. चेंडू फिरवून पुन्हा अगदी तसाच दिसेल अशी वळणे किती, ते मोजा. समोरासमोरच्या पंचकोनांतून जाणारे ६ अक्ष आहेत आणि प्रत्येकाभोवती चार वळणे होतात, म्हणजे २४. समोरासमोरच्या षट्कोनांतून जाणारे १० अक्ष आहेत, प्रत्येकाभोवती दोन वळणे, म्हणजे २०. दोन षट्कोन जिथे जोडले जातात अशा ३० शिवणी आहेत, त्यांच्या मध्यांतून १५ अक्ष जातात आणि प्रत्येकाभोवती अर्धे वळण, म्हणजे १५. न फिरवणे धरून ६०.

हे आकडे ओळखीचे वाटतात, कारण हा A₅ च आहे. ते १५ शिवण-अक्ष एकमेकांशी काटकोनात असणाऱ्या तीन-तीन अक्षांच्या पाच तिकड्यांत वाटले जातात. या पाच तिकड्या म्हणजेच आपली पाच अक्षरे. नामांतर म्हणजे चेंडूकडे दुसऱ्या बाजूने पाहणे. १२-१२ची दोन कुटुंबे का पडतात हेही इथे नुसत्या नजरेने कळते: पंचकोनाभोवती ७२ अंशांचे वळण आणि १४४ अंशांचे वळण, चेंडूकडे कुठूनही पाहिले तरी एकसारखे दिसणार नाही. फेलिक्स क्लाइन यांनी १८८४ साली हीच वळणे असणाऱ्या घनाकृतीवर आणि पाचव्या घाताच्या समीकरणांवर एक अख्खे पुस्तक लिहिले.

समीकरणाशी नाते

वर्गसमीकरणाचे सूत्र शाळेत सगळे शिकतात. तिसऱ्या आणि चौथ्या घाताच्या समीकरणांची सूत्रे १५४५ साली इटलीच्या कार्दानो यांच्या ग्रंथात छापली गेली. पाचव्या घाताचे सूत्र मात्र कोणाला सापडेना. वर्गमूळ, घनमूळ अशी मुळे काढत कोणत्याही पंचघाती समीकरणाची उकल देणारे सूत्र असूच शकत नाही, याची सिद्धता नॉर्वेचे नील्स हेन्रिक आबेल यांनी १८२४ मध्ये छापली. त्यामागचे खरे कारण एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच तरुणाने दाखवले. समीकरणाच्या उकलींची आपसात अदलाबदल करणाऱ्या चालींचा गट पायरीपायरीने मूळ संख्यांच्या मापात फुटत असेल, तरच समीकरण मुळे काढून सुटते. चार अक्षरांचा गट २४, १२, ४, २, १ असा उतरतो. प्रत्येक पायरी २ किंवा ३ ची, आणि म्हणून वर्गमुळे आणि घनमुळे पुरतात. पाच अक्षरांचा गट १२० वरून ६० वर येतो आणि तिथेच अडकतो, कारण पुढची पायरी एकदम ६० ची आहे.

सगळीच पंचघाती समीकरणे अशी नसतात. x⁵ − 2 = 0 हे एका पाचव्या मुळाने सुटते. पण x⁵ − x − 1 = 0 या समीकरणाचा गट १२० चालींचा पूर्ण गट आहे. त्याची एक उकल सुमारे १.१६७३ आहे, ती हवी तितक्या दशांशांपर्यंत काढता येते, आणि तरीही मुळांची चिन्हे वापरून ती कधीच लिहिता येणार नाही.

२९ मे १८३२ च्या रात्री गाल्वा यांनी ऑगस्त शेव्हालिये या मित्राला पत्र लिहिले आणि त्यात आपले गणित थोडक्यात मांडले. दुसऱ्या दिवशी सकाळी द्वंद्वयुद्धात त्यांना गोळी लागली आणि ३१ मे रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, ते गेले. त्या पत्रात एक विधान आहे: चालींची संख्या मूळ संख्या नसलेल्या अभेद्य गटांमध्ये सर्वांत लहान गटात ५ × ४ × ३ चाली असतात. तो साठ चालींचा गट म्हणजेच आपल्या टेबलावरच्या पाच चिठ्ठ्यांचा A₅.